पातोडी, पेला आणि पडद्यावरची वाटी

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. लेकीचा जर्मनीहून फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी फसलंय. "आई, तुझ्या फिल्ममध्ये दाखवलंय अगदी तस्सं केलं. पातोड्या रश्श्यात टाकल्या आणि दोन मिनिटांत गायब. आता माझ्याकडे पातोडीचा रस्सा नाही, पिठल्याचं सूप आहे!"

हसू आलं, पण वाईटही वाटलं. कारण ती फिल्म मी दीड महिना खपून केली होती. फिल्म म्हणजे काय, तर तीन मिनिटं दहा सेकंदांचं चलतचित्र. बेसन, लसूण, सुकं खोबरं, खसखस अशी छोटी छोटी चित्रं कागदावर काढली, स्कॅन केली, ती एकेक करून कढईत पडतात, वर माप लिहून येतं, कोपऱ्यात वेळेचं एक वर्तुळ हळूहळू रिकामं होत जातं. बघणाऱ्यानं बघत बघत स्वयंपाक करावा अशी कल्पना. पातोडी माझ्या मावशीची, अमरावतीच्या राजापेठेतली. मी मूळची अकोल्याची, पण पातोडी खावी ती मावशीच्याच हातची, असं आमच्या आईचंही मत होतं (आणि आई असं सहजासहजी कुणाबद्दल म्हणायची नाही :-)).

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. हात थरथरतात. कढईत बेसन घोटायचं म्हणजे एका हातानं कढई दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं न थांबता फिरवत राहायचं, ते तिला आता झेपत नाही. म्हणूनच ही सगळी घाई. पण घाईघाईत मी नेमकं काय चुकवलं ते शोधताना एक गंमतच सापडली. मी केलेल्या चुका काही नवीन नव्हत्या. पाककृती लिहून, छापून किंवा दाखवून दुसऱ्याकडे पोचवण्याचा माणसं जेव्हापासून प्रयत्न करताहेत, तेव्हापासून हाच घोळ चालू आहे. तर आजचं पुराण त्याबद्दल.

मराठीतलं पाककलेचं पहिलं छापील पुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'चं नाव घेतलं जातं. साल १८७५. त्यानंतर १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. त्या काळातली मापं म्हणजे शेर, पावशेर, तोळा. आता शेर म्हटला की आपल्याला वाटतं ठरलेलं वजन. पण शेर दोन होते. तूप-साखरेचा शेर तागडीचा, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे साधारण ९३३ ग्रॅम. आणि धान्याचा शेर मापाचा, म्हणजे भांड्यात मावेल तेवढा. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. आणि ही पायली गावोगाव वेगळी. म्हणजे पुस्तकात 'शेरभर' वाचलं तरी कुठला शेर, कुणाच्या गावचा शेर हे वाचणाऱ्या बाईला आधीच ठाऊक असावं लागे. ज्या बाईला ते ठाऊक असे, तिला बहुधा पुस्तकाची गरज नसे!

१९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात टप्प्याटप्प्यानं मेट्रिक वजनं आली आणि शेर गेला. पण शब्द कुठले जायला? आमच्याकडे 'पावशेर' हा शब्द त्यानंतर कित्येक वर्षं टिकला. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा, पण दुकानदार पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम द्यायचा. भाजीत हा फरक कुणाला कळत नाही. पाकात कळतो.

या गोंधळातून मराठी घरांना खरा रस्ता दाखवला तो कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं, १९७० साली. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीच्या सामानात असायचं ते पुस्तक. त्यातली मापं वाटीची आणि चमच्याची. वरवर पाहता ही माघारच वाटते. ग्रॅम आल्यावर परत वाटीकडे? वाटी तर घरोघरी वेगळी. पण इथेच खरी मेख आहे. एकाच पदार्थात सगळं एकाच वाटीनं मोजलं तर वाटी कितीची आहे यानं काही बिघडत नाही. तुमची लहान असेल तर पदार्थ थोडा होईल, मोठी असेल तर जास्त होईल, पण पिठाला पाणी किती हे प्रमाण तेच राहील. तिकडे बॉस्टनमध्ये फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट भरलेल्या ठरावीक कपाचा आणि चमच्याचा आग्रह धरला. त्यासाठी सगळ्या देशात एकसारखे कप विकत मिळावे लागतात. आपल्याकडे तसे नव्हते. मग वाटी कोणती ते महत्त्वाचं नाही, 'तीच वाटी' हे महत्त्वाचं.

हे मला तोंडपाठ असायला हवं होतं. आता माझी फिल्म बघा.

मावशी म्हणाली होती, "एक वाटी बेसन, एक पेला पाणी." मी इमानेइतबारे एक वाटी काढली आणि एक पेला काढला. छान दिसत होते दोघं शेजारी शेजारी. पण चित्रातल्या पेल्याला आकार नसतो, म्हणजे बघणाऱ्याला तो केवढा ते कळत नाही. लेकीनं तिच्या घरातली वाटी घेतली आणि तिच्या घरातला पेला घेतला. फोनवरच तिला औषधाच्या मापानं दोन्ही मोजायला लावलं. वाटी निघाली १५० मिलीलीटर, पेला ३००. म्हणजे एकास दोन.

मग मी बडनेऱ्याला उतरून मावशीकडे गेले. इंजेक्शनची मोठी सिरिंज घेऊन तिची वाटी मोजली, १६० मिलीलीटर. काठाला पोचा आलेला तिचा तो पितळी पेला मोजला, २४०. म्हणजे एकास दीड! मावशी खुर्चीत बसून बघत होती. "काय मोजून राह्यली वं बाई? साठ वर्षं झाले, त्या पेल्यानं मले कधी धोका नाई देला."

खरंच होतं. तिच्या घरात पेला म्हणजे दीड वाटी हे माप होतं, फक्त ते तिनं कधी आकड्यात म्हटलं नव्हतं.

पण एवढ्यानं पातोडी विरघळायला नको होती. एकास दोनची पातोडी मऊ होईल, पण गायब? मग दुसरी चूक सापडली, आणि ही माझी एकटीची. फिल्मच्या सुरुवातीला मी चाळणीचं चित्र घातलं होतं. पीठ भुरभुर खाली पडताना फार देखणं दिसतं, म्हणून सुरुवात त्यानं केली. चाळणी, मग वाटी. लेकीनं आधी पीठ चाळलं, मग वाटी भरली. मावशी उलटं करते. डब्यात वाटी खुपसते, बोटानं सपाट करते आणि मग चाळते. फरक किती? मी दोन्ही प्रकारे वजन केलं. मावशीच्या वाटीत डब्यातून खुपसून भरलेलं बेसन ९२ ग्रॅम, आणि त्याच वाटीत चाळून हलकं भरलेलं ७० ग्रॅम. चाळताना पिठात हवा जाते, म्हणून वाटी भरलेली दिसते पण पीठ कमी असतं.

आता हिशेब मांडा. मावशीचं ९२ ग्रॅम बेसनाला २४० मिली पाणी, म्हणजे पिठाच्या अडीचपटीहून थोडं जास्त. लेकीचं चाळलेलं बेसन तिच्या वाटीत साधारण ६५ ग्रॅम, त्याला पाणी ३००, म्हणजे साडेचारपटीच्याही वर! हे सुरळीच्या वडीच्या जवळ जाणारं पातळ पीठ झालं. थाळीवर थापल्यावर थंड होऊन ते जमल्यासारखं दिसतं, शंकरपाळ्यासारखे तुकडेही पडतात. पण उकळत्या रश्श्यात गेलं की विरघळतं. दोन छोट्या चित्रांचा क्रम बदलला आणि आकार दाखवला नाही, एवढंच माझं पाप.

आपलं सोडा, चित्रातून पाककृती सांगण्याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. लेन डेटन हा इंग्रज लेखक, हेरकथांसाठी प्रसिद्ध. मूळचा चित्रकार. पाककृतीची महागडी पुस्तकं स्वयंपाकघरात तेलकट व्हायला नकोत म्हणून तो कागदावर चित्रं आणि बाण काढून भिंतीवर टाचून ठेवायचा. त्यातून १९६२ साली 'ऑब्झर्व्हर' वर्तमानपत्रात त्याच्या पाककृतींच्या चित्रपट्ट्या सुरू झाल्या. पुढे १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की भिंतीवर टाचलेला कागद हलत नाही. हात पिठात असताना मान वर केली की माप तिथेच असतं.

पडदा आला आणि नेमकं हेच गेलं. १९९३ मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर यांचं 'खाना खजाना' सुरू झालं, त्या सुमारास केबल घरोघरी पोचत होती. अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी दुपारी पाककृतीचा कुठलाही कार्यक्रम लागला की आई जुन्या कॅलेंडरची पाठ आणि पेन्सिल घेऊन बसायची. साहित्याची यादी पडद्यावर आली की एकच गडबड. "वाच गं, वाच भराभर!" मी वाचायची, ती लिहायची, आणि मीठ-साखरेपर्यंत पोचायच्या आत यादी गेलेली असायची. आईच्या त्या कागदांवर अर्ध्या पाककृतींत शेवटचे दोन जिन्नस नाहीत. तिनं ते स्वतःच्या अंदाजानं भरले, आणि आता तेच आमच्या घरचे पदार्थ झालेत. असो.

पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत बझफीडनं 'टेस्टी' सुरू केलं आणि वरून दिसणारे दोन हात, भांडं, एका मिनिटात संपणारी पाककृती हा प्रकार जगभर झाला. फेसबुकवर व्हिडिओ आवाजाशिवाय आपोआप सुरू व्हायचे, त्यामुळे बोलून सांगायची सोय नव्हती. मग जिन्नस पडतो त्याच क्षणी त्याचं माप पडद्यावर लिहून यायचं. माप आणि वस्तू एकत्र दिसणं ही फार मोठी सुधारणा होती. पण माप दिसायचं दीड-दोन सेकंद. ते बघायला आणि पुढे पाठवायला उत्तम, रांधायला मात्र नाही. मी नकळत तीच नक्कल केली होती. माझी फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची, प्रत्येक माप ५० फ्रेम. दोन सेकंद. हातात झारा, डोळे कढईत, मान वर करेपर्यंत माप गेलेलं. आणि ओल्या बोटानं फोनचा पडदा ऐकत नाही, मागे न्यावं म्हटलं तर भलतंच काही उघडतं. आईच्या पेन्सिलीचा सूड म्हणायचा.

मग मी फिल्म दुसऱ्यांदा केली. या वेळी आधी वहीत तीन रकाने आखले. चुलीवर किती वेळ, पडद्यावर किती वेळ, आणि झालं हे कसं ओळखायचं. आणि मावशीला शेजारी बसवून मी स्वतः घोटलं.

पातोडीचे टप्पे असे. बेसन मापून, मग चाळून, दीड वाटी पाण्यात गार असतानाच कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, जिरं, ठेचलेला लसूण-मिरची, हळद, तिखट, मीठ. त्यावर कालवलेलं पीठ ओतायचं आणि मंद आचेवर घोटायचं. नंतर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ. तेल लावलेल्या थाळीवर गरम असतानाच थापायचं, वर सुकं खोबरं, खसखस आणि सांबार. थंड झाल्यावर तुकडे. रस्सा वेगळा उकळून त्यावर तर्री आली की जेवायला बसताना पातोड्या सोडायच्या.

'सांबार' शब्दाशी थांबा. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या माणसाला नुसतं लिहून दाखवलं, 'वरून सांबार घाला', तर तो बिचारा इडली शोधायला जाईल. इथे चित्र जिंकतं. कोथिंबिरीची काडी काढली आणि खाली मावशीचा शब्द लिहिला. शब्दही राहिला आणि घोळही झाला नाही.

वेळेचं काय करायचं? पहिल्या फिल्ममध्ये घोटण्याची आठ मिनिटं मी बारा सेकंदांत उरकली होती आणि 'आठ मिनिटं' असं लिहिलं होतं. त्यात वर्तुळ रिकामं झालं की घंटा वाजायची. मावशीच्या गॅसवर, लोखंडी कढईत मला खरोखर आठ मिनिटं लागली. लेकीला तिच्या पसरट तव्यात साडेपाच मिनिटांत तोच गोळा मिळाला असता. म्हणजे घंटा दोघींपैकी एकीशी खोटंच बोलणार. मावशीला विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "घड्याळ काय पाह्यतं, बेसनाकडे पाय ना! आधी खदखदते, मंग फट् फट् बोलते, मंग कढई सोडते. वल्लं बोट लावून पाय, चिकटलं तर नाई झालं."

या एका वाक्यात चार खुणा आहेत, आणि त्यातली एकही मी काढली नव्हती. माझ्या चित्रातले बुडबुडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आकाराचे होते! दुसऱ्या फिल्ममध्ये ते बदलले. आधी बारीक आणि भराभर, मग मोठे, एकेकटे, फुटून खड्डा सोडणारे, आणि शेवटी बुडबुडे नाहीतच, कडेनं सुटणारा चकचकीत गोळा. घोटण्याचा हा एकच भाग मी खऱ्या वेळेत ठेवला, पूर्ण आठ मिनिटं. बाकीचं सगळं आवरतं घेतलं. कारण चिरणं-वाटणं ज्याचं त्यानं आपल्या गतीनं करावं, पण हात कढईला बांधलेला असतो तेव्हा सोबत लागते. वर्तुळ आता रिकामं होत नाही. पाचव्या मिनिटाला त्याचा रंग बदलतो आणि तिथे फक्त लिहून येतं, 'आता बघा'. आणि त्या त्या टप्प्याचं माप डावीकडे वर, टप्पा संपेपर्यंत, भिंतीवर टाचल्यासारखं.

पेला काढून टाकला. आता एकच वाटी आहे. ती बेसनानं भरते, रिकामी होते, मग तीच वाटी पाण्यानं एकदा पूर्ण आणि एकदा अर्धी भरते. चाळणी वाटीनंतर येते. तेवढी देखणी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र पडद्यावर येईना ती येईनाच. बेसनाचा कच्चा वास गेल्याचा क्षण. त्याचं चित्र कसं काढणार? शेवटी सरळ शब्दांत विचारलं, 'कच्चा वास गेला का?' १८७५ च्या पुस्तकालाही याहून वेगळं काही करता आलं नसतं.

जानेवारीत लेकीचा फोटो आला. लाल तर्रीत अख्ख्या पातोड्या, वर सांबार. फोन मावशीच्या डोळ्यांजवळ धरला. फिल्मही दाखवली. तिनं पूर्ण बघितली, ती आठ मिनिटंही. घोटण्याच्या भागात तिचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरत होता. संपल्यावर म्हणाली, "मीठ किती टाकाचं ते काऊन नाई दाखवलं?"

खरंच राहिलं होतं. मी म्हटलं, किती लिहू? तिनं चिमूट करून दाखवली, पण बोटं थरथरत होती, त्यातून काही कळेना. मग मी डब्यातलं मीठ पुढे केलं. तिनं चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर सोडलं, तीनदा. घरी आणून मोजलं. सपाट भरलेला एक लहान चमचा, वर किंचित.

तेवढं तिसऱ्या खेपेला घालते आहे.